वळशाचं पेट्रोल कोणाच्या खात्यात?

ऑफिसला एका गाडीतून जायचं ठरतं, तेव्हा पेट्रोलच्या पैशांचा विषय पहिल्या दिवशी कोणी काढत नाही. ‘बघू महिनाअखेरीला’ असं म्हणून वेळ मारून नेली जाते, आणि महिनाअखेरीला पंपाच्या पावत्यांची बेरीज करून तिला चाराने भागलं जातं. एक-दोन महिने कुणाची तक्रार नसते. मग ऑफिसच्या सगळ्यात जवळ राहणारा सहकारी एक दिवस सांगतो, की उद्यापासून मी माझ्या दुचाकीवरनं येईन. कारण घरचं काहीतरी असतं. खरं कारण हिशोबात असतं, आणि ते बोलून दाखवायचा संकोच वाटतो म्हणून तो गप्प राहतो.

हा हिशोब अवघड नाही. चौथीतलं गणित येणाऱ्याला तो जमतो. फक्त कशाला कशाने भागायचं हे आधी ठरवावं लागतं. पुण्यातला एक नेहमीचा रस्ता घेऊन तो करून पाहू.

गाडी निघते वारजे-माळवाडीच्या पलीकडून. मुंबई-बेंगळुरू महामार्गाने चांदणी चौक, मग बाणेर-बालेवाडीच्या सीमेवरचा राधा चौक, पुढे वाकडचा पूल, आणि तिथून हिंजवडीत आत. गाडीत चौघं. गाडीचे मालक वारजेकर, तेच चालवतात. कोथरूडकर बसने चांदणी चौकात येऊन उभ्या राहतात. बाणेरकरांना त्यांच्या सोसायटीच्या दारातून घ्यावं लागतं. वाकडकर पुलाखाली येतात. चौघांचं ऑफिस एकच. अंतरं सोयीसाठी पूर्ण आकड्यांत धरतो: वारजे ते चांदणी चौक 6 किलोमीटर, तिथून राधा चौक 8, तिथून वाकडचा पूल 3, आणि पुलापासून ऑफिस 8. सरळ रस्ता एकूण 25 किलोमीटर. बाणेरकरांसाठी महामार्ग सोडून आत जाऊन परत यायचे 3 किलोमीटर वेगळे. म्हणजे सकाळी गाडी प्रत्यक्षात 28 किलोमीटर धावते.

आता एका किलोमीटरला खर्च किती? इथेच पहिली चूक होते, कारण बहुतेक गट पंपाच्या पावत्या धरून बसतात. त्या पावत्यांमध्ये वारजेकरांची रविवारची लोणावळ्याची फेरी असते, मुलीला क्लासला सोडणं असतं, भाजी मंडई असते. ते पेट्रोल सहकाऱ्यांनी का भरायचं? आणि ‘अंदाजे एवढं वजा करू’ म्हटलं की तो अंदाज कोणाचा, हा प्रश्न येतो. त्यामुळे पावत्या बाजूला ठेवाव्यात, फक्त किलोमीटर मोजावेत आणि त्यांना दर लावावा.

दर काढायला गाडीचं खरं ॲव्हरेज लागतं. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा इथे उपयोगाचा नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींचे हे आकडे ठरावीक चाचणीतून येतात. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. तिथल्या चाचणीत वेग, थांबे, तापमान सगळं आखून दिलेलं असतं. भूमकर चौकाच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, फूटफूट सरकणारी गाडी त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. खरं ॲव्हरेज काढायची जुनी रीत आजही चालते. टाकी फुल्ल करायची, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं आणि किलोमीटरचा काटा टिपून घ्यायचा. तीनशे-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, तशीच टाकी पुन्हा भरायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा बसलेलं पेट्रोल. नळी बंद पडल्यावर पंपावरच्या मुलाला राऊंड फिगर करायला सांगितलं, की मोजणी बिघडते. शक्यतो ऑफिसच्याच दिवसांत हे करावं, म्हणजे लांबच्या मोकळ्या रस्त्याने आकडा फुगणार नाही.

समजा ॲव्हरेज 13 निघालं आणि पेट्रोल लिटरला 104 रुपये धरलं. एका किलोमीटरला 8 रुपये झाले. जाहिरातीत 20 चा आकडा असेल आणि तो धरून हिशोब केला असता, तर किलोमीटरला 5 रुपये 20 पैसेच आले असते आणि उरलेला खर्च दर महिन्याला गुपचूप वारजेकरांच्या खिशातून गेला असता. पेट्रोलचे दर जून 2017 पासून देशभर रोज बदलू शकतात. रोजच्या दराच्या मागे लागण्यात अर्थ नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेचा दर महिनाभर धरावा.

आता वाटणी. वळशाचे 3 किलोमीटर क्षणभर बाजूला ठेवू आणि सरळ 25 किलोमीटरचे 200 रुपये चौघांत कसे वाटायचे ते पाहू.

चाराने भागलं तर प्रत्येकी 50. वाकडकर गाडीत 8 किलोमीटर बसतात. ते स्वतःची गाडी घेऊन एकटे गेले असते तर त्यांना 64 रुपये पडले असते, म्हणजे त्यांचे फक्त 14 वाचले. वारजेकर एकटे गेले असते तर 200 पडले असते. त्यांचे 150 वाचले. दुचाकीवर वाकडकरांना 14 रुपयांत जाता येईल. ते गट सोडणारच, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ते गेले की शेवटचे 8 किलोमीटर चौघांऐवजी तिघांवर येतात, त्यामुळे उरलेल्यांचा वाटा वाढतो. मग पुढचा जवळचा माणूस, म्हणजे बाणेरकर, हिशोब करायला बसतात. समान वाटणीचे गट बहुतेक असेच ऑफिसच्या बाजूने एकेक माणूस गळत मोडतात.

दुसरी पद्धत बऱ्याच जणांना सुचते: ज्याने जितका प्रवास केला त्या प्रमाणात पैसे. चौघांचे किलोमीटर 25, 19, 11 आणि 8. बेरीज 63. दोनशे रुपये या प्रमाणात वाटले, तर वारजेकरांना सुमारे 79, कोथरूडकरांना 60, बाणेरकरांना 35 आणि वाकडकरांना 25 येतात. ऐकायला ही वाटणी अगदी रास्त वाटते. पण बारकाईने पाहिलं तर वारजे ते चांदणी चौक या 6 किलोमीटरमध्ये गाडीत वारजेकर एकटेच होते. त्या तुकड्याचे 48 रुपये इतर तिघं मिळून का उचलतात? प्रमाणात वाटताना सगळा रस्ता एकाच हिशोबात मिसळला जातो आणि कोणत्या तुकड्यावर गाडीत कोण होतं, ही माहिती हरवते.

तीच माहिती धरून ठेवणारी पद्धत मला सगळ्यात न्याय्य वाटते. रस्त्याचे टप्पे पाडायचे. माणूस चढला किंवा उतरला की नवा टप्पा सुरू. प्रत्येक टप्प्याचा खर्च त्या टप्प्यावर गाडीत असलेल्यांनी समान वाटून घ्यायचा. पहिले 6 किलोमीटर एकट्या वारजेकरांचे. पुढचे 8 दोघांत, म्हणजे प्रत्येकी 4. राधा चौकापासूनचे 3 तिघांत, प्रत्येकी 1. पुलापासूनचे 8 चौघांत, प्रत्येकी 2. बेरीज केली की वारजेकरांच्या वाट्याला 13 किलोमीटर येतात, कोथरूडकरांच्या 7, बाणेरकरांच्या 3 आणि वाकडकरांच्या 2. एकूण 25, एकही किलोमीटर सांडला नाही. 8 रुपयांच्या दराने हे अनुक्रमे 104, 56, 24 आणि 16 रुपये झाले.

यात पहिल्या नजरेला खटकतात ते वारजेकरांचे 104. गाडी त्यांची, चालवायचे ते, आणि निम्म्याहून जास्त पैसेही त्यांनीच द्यायचे? म्हणून कोण किती देतो याच्या शेजारी कोणाचं किती वाचतं हेही मांडावं. वारजेकर एकटे गेले असते तर 200, आता 104. वाचले 96. कोथरूडकर चांदणी चौकापासून एकट्या स्वतःच्या गाडीने गेल्या असत्या तर 19 किलोमीटरचे 152, आता 56. त्यांचेही वाचले 96. हा योगायोग नाही. ज्या टप्प्यांवर ही दोघं सोबत आहेत तिथे दोघांची बचत रुपयाला रुपया सारखी होते, आणि ज्या टप्प्यावर वारजेकर एकटे आहेत तिथे बचत व्हायचा प्रश्नच नाही. बाणेरकरांचे राधा चौकापासूनचे 88 चे 24 झाले, म्हणजे 64 वाचले. वाकडकरांचे 64 चे 16 झाले, म्हणजे 48 वाचले. आधी 14 वाचत होते म्हणून दुचाकीकडे बघणारा माणूस आता गाडीत टिकतो. प्रत्येक तुकड्यावर जे सोबत बसले त्यांचा खर्चही सारखा आणि बचतही सारखी, हे या पद्धतीचं खरं बळ आहे.

या वाटणीला अर्थशास्त्रात भक्कम आधार आहे. लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञाने 1953 साली प्रश्न मांडला होता, की अनेकांनी मिळून एखादं काम केलं तर फायद्या-खर्चातला प्रत्येकाचा रास्त वाटा कसा ठरवायचा. त्याचं उत्तर सर्वसाधारण स्वरूपात किचकट आहे: माणसं शक्य त्या सगळ्या क्रमांनी गटात आली असं धरायचं, प्रत्येक क्रमात एकेकामुळे खर्च किती वाढला ते पाहायचं आणि सरासरी घ्यायची. लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी 1973 साली विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च विमानांत कसा वाटावा हे पाहताना दाखवलं, की अशा एकरेषीय खर्चासाठी शॅप्लीचं उत्तर फार सोपं होतं. लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. धावपट्टीचा प्रत्येक तुकडा ज्या विमानांना लागतो, त्यांनी तो समान वाटून घ्यायचा. धावपट्टीच्या जागी वारजे ते हिंजवडी रस्ता ठेवला, की आपलाच हिशोब. शॅप्लींना 2012 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते स्थिर वाटपांच्या सिद्धांतासाठी. पण सहकाराच्या गणितात त्यांचं नाव या वाट्यामुळे रोज घेतलं जातं.

आता बाजूला ठेवलेला वळसा. बाणेरकरांच्या दारापर्यंत जाऊन यायचे 3 किलोमीटर, म्हणजे 24 रुपये. त्या वेळी गाडीत वारजेकर आणि कोथरूडकर बसलेले असतात, म्हणून टप्प्यांच्या नियमाने ते तिघांत वाटावेत असं कोणी म्हणेल. तसं करू नये. त्या दोघांना त्या रस्त्याची गरजच नाही. बाणेरकर गटात नसते तर गाडी आत वळली नसती. ज्याच्यासाठी वाट वाकडी केली, त्याच्या एकट्याच्या खात्यात तो खर्च. बाणेरकरांचे 24 अधिक 24, असे 48 झाले. चौघांचे मिळून आता 104, 56, 48 आणि 16, म्हणजे 224. आणि 28 किलोमीटरचे 8 रुपयांनी तेवढेच होतात.

वळसा मोजताना गफलत होते ती गल्लीची लांबी धरल्याने. ‘माझी सोसायटी महामार्गापासून एकच किलोमीटरवर आहे’ हे खरं असेल, पण सर्व्हिस रोडवर उतरायचं, भुयारी रस्त्याने पलीकडे जायचं, परत येताना पुढच्या वळणापर्यंत जाऊन महामार्गाला लागायचं, हे सगळं त्यात येत नाही. म्हणून मोजणी एकच: एक दिवस वळसा घेऊन काट्यावरचं पूर्ण अंतर, एक दिवस वळसा न घेता. दोन्हींतला फरक म्हणजे वळसा. संध्याकाळचा वेगळा मोजावा, कारण परतताना गाडी महामार्गाच्या दुसऱ्या बाजूला असते आणि तीच सोसायटी कधी रस्त्यावरच पडते, कधी दुप्पट लांब जाते. गर्दी चुकवायला वारजेकरांनी स्वतःहून आतला रस्ता धरला, तर तो वळसा कोणाच्याही नावावर नाही; तो सगळ्यांच्या टप्प्यात जातो. आणि त्याच सोसायटीतून उद्या आणखी एक जण येऊ लागला, तर ते 24 रुपये त्या दोघांत.

वळशाची किंमत अशी उघड मांडली की बाणेरकरांना ठरवता येतं. पुण्यात 2022 साली रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 25 रुपये झालं. म्हणजे दारातून घेण्याचा खर्च जवळपास तेवढाच आहे. सकाळी घाई असते म्हणून 24 रुपये देणं त्यांना परवडेल. संध्याकाळी राधा चौकात उतरून पायी घरी जाण्यात अडचण नसेल, तर त्या फेरीचे त्यांचे 24 च राहतील. पैशांत न मोजलं जाणारं एक आहेच: सोसायटीच्या फाटकाशी गाडी उभी असताना मागे बसलेल्या कोथरूडकरांची जी मिनिटं जातात ती. त्याला दर लावायचा प्रयत्न मी कुणाला सुचवणार नाही. पण बाणेरकर वेळेवर फाटकाबाहेर उभे असतील, तर 3 किलोमीटर सहा-सात मिनिटांत होतात. लिफ्टची वाट बघत असतील तर पंधरा. गाडी किती मिनिटं थांबेल हे पहिल्याच दिवशी ठरवावं. पाच पुरेत.

महिन्याचा हिशोब करू. वीस दिवस, जाऊन-येऊन चाळीस फेऱ्या, वळसा दोन्ही वेळा. वारजेकर 4160, कोथरूडकर 2240, बाणेरकर 1920, वाकडकर 640. एकूण 8960 रुपये. प्रत्यक्ष महिना इतका सरळ कधी जात नाही, कारण कोणी रजेवर जातं, कोणी घरून काम करतं, आणि तिथून नवा वाद सुरू होतो. ‘मी नव्हतोच, मग पैसे कशाचे?’ असं एक जण म्हणतो. ‘तू नव्हतास तरी गाडी गेलीच, पेट्रोल जळलंच,’ असं दुसरा म्हणतो. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

आकडे लावून पाहिले तर तो किती लहान आहे ते कळतं. समजा बाणेरकर चार दिवस रजेवर गेले. आठ फेऱ्यांत वळसा नाही, म्हणून प्रत्येक फेरीला गाडी 25 किलोमीटरच धावली. राधा चौकानंतरचे 3 किलोमीटर तिघांऐवजी दोघांत, आणि पुलानंतरचे 8 चौघांऐवजी तिघांत वाटले गेले. फेरीला वारजेकरांचे 104 चे 113 रुपये 33 पैसे झाले, कोथरूडकरांचे 56 चे 65.33, वाकडकरांचे 16 चे 21.33. आठ फेऱ्यांत वारजेकर आणि कोथरूडकर यांना प्रत्येकी सुमारे 75 रुपये जास्त पडले, वाकडकरांना 43. बाणेरकरांचे 384 वाचले. त्यातला निम्मा भाग न जळलेल्या पेट्रोलचा होता, निम्मा इतरांनी उचलला.

महिन्याला 75 रुपयांसाठी कोणी कोणाला रजेबद्दल बोलू नये, असं मला मनापासून वाटतं. तरी नियम हवा, कारण रजा आज बाणेरकरांची आहे आणि उद्या कोथरूडकरांची असेल. त्यांच्या रजेत चांदणी चौक ते राधा चौकाचे सगळे 8 किलोमीटर वारजेकरांवर येतात आणि आकडा मोठा होतो. चालेल असा नियम हा: आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं, तर त्या दिवसाचा वाटा नाही आणि जे आले त्यांच्यात टप्पे वाटले जातील. सकाळी ऐनवेळी कळवलं, तर टप्प्यांचा वाटा द्यायचा, पण वळशाचा नाही, कारण गाडी आत वळलीच नाही. बाणेरकर त्या फेरीचे 48 ऐवजी 24 देतील. हजेरी एका सामायिक तक्त्यात रोजच्या रोज लिहावी. तीस तारखेला आठवून भरलेली हजेरी बहुतेक वेळा चुकते आणि ती चूक मग हेतुपुरस्सर वाटू लागते.

पेट्रोलखेरीज टायर, सर्व्हिसिंग, विमा हे खर्च वारजेकरांचे आहेतच, आणि गाडी चालवायचे श्रमही त्यांचेच. काही गट किलोमीटरमागे रुपया-दोन रुपये त्यासाठी धरतात. आपल्या उदाहरणात किलोमीटरला 8 ऐवजी 9 धरले, तर कोथरूडकरांचा फेरीचा वाटा 56 चा 63 होतो. हे उघडपणे, आधी ठरवून केलं तर मला रास्त वाटतं. मात्र त्याला मर्यादा आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडं घेऊन माणसं नेणं मोटार वाहन कायदा 1988 मध्ये बसत नाही. भाड्याच्या वाहतुकीला परवाना लागतो. खासगी गाडीच्या विमापत्रातही भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो, आणि अपघात झाला तर कंपनी नेमकं तेच कलम पुढे करू शकते. सोबत्यांकडून येणारी रक्कम गाडीच्या त्या प्रवासाच्या खर्चाच्या आत राहिली पाहिजे आणि गाडीवाल्याने स्वतःचा वाटाही उचलला पाहिजे. टप्प्यांच्या हिशोबात तो आपोआप उचलला जातो. हजेरीचा तक्ता आणि किलोमीटरची नोंद जपून ठेवायचं हेही एक कारण आहे.

गाड्या आळीपाळीने काढायच्या असतील, तर टप्पे बदलतात, हे लक्षात ठेवावं. एखाद्या आठवड्यात कोथरूडकरांनी गाडी काढली, तर ती चांदणी चौकापासून धरली जाईल आणि वारजेकरांना तिथपर्यंत आपल्या सोयीने यावं लागेल. पहिले 6 किलोमीटर गटाच्या हिशोबातून जातात. वारजेकरांच्या वाट्याला 13 ऐवजी 7 किलोमीटर येतात, चांदणी चौकापर्यंतचा दुचाकीचा खर्च मात्र त्यांचा स्वतःचा. कोथरूडकरांची गाडी सीएनजीवर असेल, तर किलोमीटरचा दरही निराळा. टाकीऐवजी सिलिंडर भरून, लिटरऐवजी किलो मोजून तो वेगळा काढावा लागतो, आणि त्या आठवड्याचा हिशोब तक्त्यात वेगळ्या रकान्यात जातो.